‘सांगायची’ आणि ‘सांगितलं’ : बालपणावरचा लेख तपासताना

आत्मकथनांवर काम करायचं ठरवलं असेल, तर आधी एखादा साधा, कच्चा लेख तपासून बघा. छापलेल्या पुस्तकात जे नीट दिसत नाही, ते कच्च्या लेखात लगेच दिसतं. मागच्या वर्षी बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी लिहिलेला लेख मला वाचायला दिला होता. विषय बालपण, गाव बार्शी. त्याचंच उदाहरण घेते.

सुरुवात अशी होती : आजीच्या कुशीत सगळं सुख होतं, आजी गोष्टी सांगायची, आम्ही चिंचा पाडायचो, अंगणात खेळायचो, ते दिवस आता कुठे. वाईट काहीच नाही. पण बार्शीच्या जागी वाई किंवा चिपळूण लिहा, एक शब्दही बदलावा लागत नाही. म्हणजे हे वाक्य तिचं नाहीच, ते तिने कुठून तरी उचललंय. शाळेतल्या निबंधातून, फॉरवर्डमधून, आपण सगळेच उचलतो.

मी पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारल्या. सांगायची, पाडायचो, असायचं, यायचा. पहिली पाच परिच्छेद सगळा रीतिभूतकाळ! एकही गोष्ट एकदा घडलेली नाही, सगळं नेहमी घडत होतं. मराठीत प्रसंग कुठे सुरू होतो ते ओळखायची ही सोपी खूण आहे. ‘सांगायची’चं ‘सांगितलं’ झालं की काहीतरी घडायला लागतं : कोणीतरी कुठेतरी उभं असतं, वेळ ठरते, पुढे काय झालं हा प्रश्न पडतो.

पण एक अडचण आहे. रीतिभूतकाळ म्हणजे आपोआप मोघम, असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग 1934) वडिलांच्या सोवळ्याचं वेड येतं, बाजारातून आणलेल्या वस्तूसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं. हे रोजचंच आहे, तरी ते दुसऱ्या कुठल्या घरात नेऊन ठेवता येत नाही. तेव्हा रेघा मारून झाल्या की जागा बदलून बघायची परीक्षाही घ्या. दोन्हीत नापास झालेलं वाक्य खोडायला हरकत नाही.

सहाव्या परिच्छेदात, जाता जाता, एक ओळ होती : आजी मला रॉकेलच्या रांगेत उभं करून घरी जायची. मी तिथे थांबले. हे कुठून उचललेलं वाटत नव्हतं.

इथे माझी चूक झाली. समासात लिहिलं, ‘इथे डिटेल्स वाढव.’ तिने वाढवले. पुढच्या खर्ड्यात आजीच्या लुगड्याला मोगऱ्याचा वास आला, हातात पितळी तांब्या आला. रॉकेलच्या रांगेत तांब्या कशाला? तपशीलही उसने असतात, हे मला तेव्हा कळलं. ते सुंदर असतात, सगळे एका सुरात असतात, आणि कामाचे नसतात.

मग समोर बसवून विचारलं. ‘हातात काय होतं?’ ‘पाच लिटरचा कॅन, ताई. बूच हरवलेलं, म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली.’ ‘आजी घरी का जायची?’ ‘दूध गॅसवर... नाही, गॅस नव्हता ना आमच्याकडे. स्टोव्हवर.’ ही दुरुस्ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. आठवणारा माणूस असा अडखळतो. रचणारा सहसा सरळ सांगत जातो. (नेहमीच नाही. घोटून पाठ झालेली खरी आठवणही सरळच येते, त्यामुळे यावर फार विसंबू नका.) एक पथ्य मात्र पाळा : प्रश्न विचारा, उत्तर सुचवू नका. ‘भीती वाटली असेल ना?’ असं विचारलंत तर ‘हो’च येणार, आणि ती भीती तुमची असेल.

‘एखाद्या दिवशी आजी आलीच नाही, असं झालं?’ ती गप्प बसली. मग म्हणाली, झालं होतं एकदा.

नव्या खर्ड्यात तो एकच दिवस आहे. नंबर आला, पैसे आजीकडे. सात वर्षांची मुलगी मागच्या बाईला म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढे.’ मग तिच्या मागच्याला. जागा सोडली नाही, रांग तिला ओलांडून जात राहिली. दुकानदाराने फळी लावली तेव्हा ती पहिल्या नंबरावर होती आणि कॅन रिकामा होता. ‘सुख’, ‘माया’, ‘हरवलेलं’ यातला एकही शब्द त्यात नाही, आणि मी तो खोडायलाही सांगितला नव्हता. त्याला तिथे जागाच उरली नाही.

आजी आल्यावर काय म्हणाली, हे मी विचारलं. तिला आठवत नव्हतं. तिने लेखात तसंच लिहिलं, ‘आजी काय म्हणाली ते आठवत नाही’, आणि पुढच्या ओळीत दोघी घरी निघाल्या.