१९८१चा पेपर: सोबत की कारण?

पॅटिसन आणि सहकाऱ्यांचा १९८१चा ‘लॅन्सेट’मधला पेपर जरा शंकेनं वाचा. सिकल सेलच्या मुलांचं हिमोग्लोबिन अचानक घसरलं, तेव्हा रक्तात पार्व्होव्हायरसच्या ताज्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. पण ही झाली फक्त सोबत. विषाणूच कारण, हे त्यातून सिद्ध होत नाही. ती उणीव १९८३च्या प्रयोगानं भरली. विषाणू असलेलं सीरम अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये घातलं आणि लाल पेशींच्या वसाहती वाढेनात.

मग निरोगी माणसाला कळतही का नाही? हिशोब करा. त्याची लाल पेशी १२० दिवस जगते. उत्पादन ७ दिवस थांबलं तर घट साधारण ६ टक्के. सिकलची पेशी १५ दिवस जगते असं धरा, तर जवळपास निम्मी घट, म्हणजे हिमोग्लोबिन ८ वरून ४ वर. ओळखायचं कसं? रेटिक्युलोसाइट जवळजवळ शून्य दिसतात.