१६ किलोहर्ट्झची रेघ पुरावा म्हणून किती टिकते?

"फाइलचा स्पेक्ट्रोग्राम काढला. १६ किलोहर्ट्झच्या वर सगळा काळोख. म्हणजे हे एमपीथ्रीवरून बनवलेलं खोटं फ्लॅक." हा युक्तिवाद तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असेल. चित्र खरं असतं, निकालही बऱ्याचदा बरोबर निघतो. पण मधली पायरी कच्ची आहे, आणि संशोधनात आपल्याला मार्क त्या मधल्या पायरीचेच मिळतात. म्हणून आज ती पायरी जरा उकलून बघू.

आधी दोन ओळींत पार्श्वभूमी. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे तिच्यात जास्तीत जास्त २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. एमपीथ्री हा लॉसी प्रकार, तो यातला बराच भाग कायमचा टाकून देतो. फ्लॅक लॉसलेस आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की त्याला जे दिलं ते तो जसंच्या तसं परत देतो. फ्लॅक म्हणजे डबा. आत शिळी भाजी भरली तर शिळी भाजीच निघणार. आता कोणी एमपीथ्री उलगडून, तिचा दर ९६ किलोहर्ट्झ आणि खोली २४ बिट करून डब्यात भरली, तर प्लेअर इमानदारीत "२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ" दाखवतो. तो डब्यावरची चिठ्ठी वाचत असतो.

असं खोटं फ्लॅक ओळखायला शिकायचं असेल तर आधी स्वतः एक बनवावं. तुमच्याच एखाद्या सीडीवरून काढलेलं `asal.wav` घ्या. झांजा, टाळ किंवा ड्रम्स असलेलं गाणं असेल तर उत्तम, कारण वरच्या वारंवारता त्यातच भरपूर असतात.

```
lame -b 128 asal.wav lossy.mp3
lame --decode lossy.mp3 lossy.wav
sox lossy.wav -b 24 -r 96000 fake.flac
sox asal.wav -n spectrogram -o asal.png
sox fake.flac -n spectrogram -o fake.png
```

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. `fake.png` मध्ये उभा अक्ष ४८ किलोहर्ट्झपर्यंत जाईल, पण वरचा अर्ध्याहून अधिक भाग काळा असेल. २२.०५ च्या वर काही नसणं समजण्यासारखं आहे, कारण मूळ सीडीतच ते नव्हतं. दर वाढवल्याने नवीन माहिती जन्माला येत नाही, फक्त रिकामी जागा वाढते. पण काळोख २२ लाही सुरू होत नाही, तो १७ च्या आसपासच सुरू होतो. हे लेमचं काम: १२८ केबीपीएसला तो स्वतःच साधारण १६.५ ते १७ किलोहर्ट्झच्या दरम्यान गाळणी लावतो आणि एन्कोड करताना तसं स्क्रीनवर छापतोही.

या दोन भिंतींचे अर्थ वेगळे आहेत, आणि लोक त्या सर्रास एकत्र करतात. फाइल २२ ला संपत असेल तर ती "हाय-रेझ" नाही, सीडीच फुगवून विकली आहे. ही फसवणूक असू शकते, पण त्यात एमपीथ्री कुठे आली? ती १७ ला संपत असेल तरच लॉसी उगमाचा संशय सुरू होतो. संशय म्हणतोय, निकाल नाही. (जाता जाता: "बिट तपासा, खालचे आठ बिट शून्य असतील तर खोटं" ही युक्ती इथे चालत नाही. दर बदलताना जे गुणाकार होतात त्यांतून खालचे बिट आपोआप भरून जातात.)

आता मूळ प्रश्न. गाळणी १७ ला आहे, तर मग लोक १६ का म्हणतात? इथे गंमत आहे. एमपीथ्री आवाजाचे ५७६-५७६ वारंवारता-कप्पे करते. २२,०५० भागिले ५७६ म्हणजे एक कप्पा साधारण ३८.३ हर्ट्झचा. हे कप्पे पट्ट्यांमध्ये बांधलेले असतात आणि प्रत्येक पट्टीला आपापला एक गुणक असतो, ज्याने त्या पट्टीत किती बारकाईने मोजायचं ते ठरतं. अपवाद शेवटच्या पट्टीचा. ४४.१ किलोहर्ट्झच्या आवाजात ही पट्टी ४१८ व्या कप्प्यापासून सुरू होते, आणि तिला स्वतःचा गुणकच नाही. ४१८ गुणिले ३८.२८ करा: १६,००१ हर्ट्झ. हीच ती रेघ.

याचा परिणाम असा, की १६ च्या वरचा आवाज नीट जपायचा तर एन्कोडरला सगळ्याच पट्ट्या बारीक मोजाव्या लागतात, आणि त्याला तेवढे बिट परवडत नाहीत. मग तो १६ च्या वरचं सोडून देतो. झांज जोरात वाजली की तेवढ्यापुरतं काहीतरी वर येतं, पुढच्या क्षणी गायब. म्हणून `fake.png` मध्ये १६ ते १७ चा पट्टा तुटक दिसतो आणि बरोबर १६ ला एक आडवा शिवणटाका असल्यासारखं वाटतं. माझ्या मते हा शिवणटाका नुसत्या काळोखापेक्षा कितीतरी चांगला साक्षीदार आहे. काळोख कुठलीही गाळणी पाडू शकते. पण नेमक्या १६ ला जोड, त्याच्या वर आवाजाच्या जोरानुसार ये-जा करणारी ठिगळं, हे एमपीथ्रीच्या रचनेतून येतं.

याहून पक्का पुरावा आणखी आत असतो, आणि तो बहुतेकांना दिसतच नाही, कारण ते पूर्ण गाण्याचं चित्र बघतात. स्पेक हा सगळ्यांचा आवडता प्रोग्रॅम घ्या. झटपट आहे, फुकट आहे, पण तो अख्खा ट्रॅक खिडकीच्या रुंदीत बसवतो. चार मिनिटांचं गाणं १२०० पिक्सेलमध्ये बसवलं तर एका पिक्सेलला ०.२ सेकंद येतात. एमपीथ्रीचा एक घास ५७६ नमुन्यांचा, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांचा. एका पिक्सेलमध्ये असे पंधरा घास मिसळून गेले की त्यांच्या खुणा उरतील कशा? म्हणून दोनच सेकंद कापून बघा:

```
sox fake.flac -n remix 1 trim 60 2 spectrogram -o zoom.png
```

आता एक पिक्सेल अडीच मिलिसेकंदांचा झाला. १० किलोहर्ट्झच्या वर नीट बघितलंत तर काळ्या खिडक्या दिसतील: वरून-खालून सरळ कापलेल्या, एक-दोन घासांएवढ्या रुंद. एन्कोडरने तेवढ्या वेळापुरती ती पट्टी शून्य केली आहे. वाद्याचा आवाज असा चौकोनी मरत नाही, तो उतरत जातो आणि वरच्या वारंवारता आधी विरतात. `asal.wav` चे तेच दोन सेकंद शेजारी ठेवले की फरक सांगावा लागत नाही.

आता उलट बाजू. काळोख आहे, पण फाइल खरी आहे, असं कधी होतं? एफएम प्रसारणात आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच पाठवतात, त्यामुळे रेडिओवरून प्रामाणिकपणे ध्वनिमुद्रित केलेली मैफल १५ ला संपणारच. पण आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांचं. गौहर जान यांचं कलकत्त्याचं १९०२ चं ध्वनिमुद्रण कर्ण्यातून झालं, तिथे मायक्रोफोनच नव्हता. अशा तबकडीत गाण्याचा भाग १६ सोडाच, त्याच्या कितीतरी खालीच संपतो. १६ चा नियम लावला तर त्या काळातलं सगळं गाणं "खोटं" ठरेल.

मग अशा फाइलची तपासणी करताच येत नाही का? येते, पण साक्षीदार बदलावा लागतो. तबकडीवर गाण्याशिवाय आणखी एक गोष्ट असते: सुई घासल्याची खरखर. ती गाण्यासारखी मध्येच थांबत नाही, काहीही साफसफाई न करता केलेल्या ९६ किलोहर्ट्झच्या प्रतीत ती वरपर्यंत पसरलेली दिसते. म्हणून इथे गाणं कुठे संपतं हे विचारू नका, खरखर कुठे संपते ते विचारा. खरखर १६ ला किंवा १७ ला कड्यावरून पडल्यासारखी तुटत असेल आणि तिच्यात चौकोनी खिडक्या असतील, तर मध्ये एमपीथ्री येऊन गेली आहे. सततची खरखर एन्कोडरला फार महाग पडते, त्यामुळे खिडक्या इथे उलट जास्तच स्पष्ट दिसतात. नुसती तुटली आहे, खिडक्या नाहीत, तर कुणीतरी खरखर कमी करायला गाळणी लावली असेल. ते चांगलं केलं की वाईट हा वेगळा वाद, पण ती लबाडी नाही. एखाद्या संग्राहकाने वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतींवर एका स्क्रीनशॉटवरून "फेक" असा शिक्का मारला जातो तेव्हा हा फरक कुणी पाहिलेला नसतो.

खोटी फाइल सुटून जाते तेही नोंदवतो. ३२० केबीपीएसला लेमची गाळणी २०.१ ते २०.६ किलोहर्ट्झच्या दरम्यान असते आणि बिट मुबलक असल्याने खिडक्याही फारशा पडत नाहीत. डोळ्याने बघून तिथे मी पैज लावणार नाही. एएसी आणि ओपसची रचनाच वेगळी, त्यामुळे १६ चा शिवणटाका तिथे शोधूच नका.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे गाणी विकतोय? पण समजा तुम्ही दोन घराण्यांच्या गायकीचं संगणकाने वर्गीकरण करताय. एका घराण्याच्या फाइल्स सीडीवरून आल्या, दुसऱ्याच्या कुणाच्या तरी एमपीथ्री संग्रहातून, आणि सगळ्यांचं नाव `.flac`. मॉडेलला गायकी कळायची गरजच नाही. १६ च्या वर काही आहे का एवढं बघितलं तरी त्याची अचूकता झकास येईल. अशा वेळी मी दोन गोष्टी करीन. प्रत्येक गटातल्या काही फाइल्सचे दोन-दोन सेकंद उघडून बघीन, आणि मग सगळ्याच फाइल्स १० किलोहर्ट्झला गाळून मॉडेल पुन्हा चालवीन. अचूकता कोसळली तर ते बहुधा गायकी ऐकत नव्हतं. टिकली तरी पूर्ण सुटका नाही, कारण खिडक्या १० च्या खालीही पडू शकतात.

४४.१ किलोहर्ट्झच्या फाइल्ससाठी स्पेक्ट्रमबाहेरची एक स्वस्त चाचणी आहे, ती सोबत ठेवावी. सीडीवर ट्रॅकची लांबी सेकंदाच्या ७५ व्या भागाच्या पटीत असते, म्हणजे ५८८ नमुन्यांच्या पटीत.

```
metaflac --show-total-samples gaane.flac
```

येणाऱ्या आकड्याला ५८८ ने भाग जात नसेल, तर फाइल सीडीवरून जशीच्या तशी काढलेली नाही. कुणी कापली असेल, दर बदलला असेल, किंवा सीडीचा संबंधच नसेल. भाग जात असेल तर मात्र फारसं काही सिद्ध होत नाही: लेम एमपीथ्रीच्या सुरुवातीला मूळ लांबीची नोंद ठेवतो, आणि ती वाचणारा डीकोडर नेमके तेवढेच नमुने परत देतो.