रिक्त जागेतील योग्य शब्द : तपासणीचे तीन निकष

१९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी क्लोझ पद्धत मांडली, ती उताऱ्याची वाचनसुलभता मोजण्यासाठी. त्यामुळे मूळ शब्दच बरोबर धरणे त्यांना पुरेसे होते. भाषेची जाण तपासताना मात्र हा नियम अपुरा पडतो. पुढील वाक्य पाहा : ‘पूल होण्यापूर्वी चोपड्याचे लोक फेरीबोटीने नदी ____ शिवोलीला जात.’ नमुना उत्तर आहे ‘ओलांडून’.

‘ओलांडली’ लिहिणाऱ्यास अर्थ कळलेला असतो. परंतु पुढे ‘जात’ असल्याने येथे ऊनान्त रूपच हवे. हा व्याकरणाचा दोष होय. ‘उलटून’ हे रूप व्याकरणात बसते. पण मराठीत महिना उलटतो, वय उलटते, नदी नव्हे. येथे शब्दांचे साहचर्य चुकते. ‘पोहून’ या दोन्ही कसोट्यांवर टिकते. त्याला बाद करतो तो ‘फेरीबोटीने’ हा संदर्भ. तो शब्द उताऱ्यात नसता, तर ‘पोहून’ला गुण द्यावेच लागले असते.

आता ‘पार करून’. उर्दूत ‘दरिया पार करना’ रूढ असल्याने उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यास हेच आधी सुचते. मराठीतही ते रूढ आहे आणि तिन्ही कसोट्यांवर उतरते. नमुना उत्तराशी जुळत नाही म्हणून ते चूक ठरविणे, म्हणजे भाषा न तपासता परीक्षकाची पसंती तपासणे होय. एका जागेत एकच शब्द अपेक्षित असेल, तर तशी सूचना प्रश्नपत्रिकेतच हवी. तपासताना तो नियम लावणे अन्यायाचे ठरते.