साडीच्या सेलचा मजकूर: तीन ओळींचं परीक्षण

गेल्या दिवाळीच्या आधी आईने मला एका साडीच्या दुकानाची पोस्ट पाठवली होती. मजकूर साधारण असा: "परंपरेचा सन्मान, दिवाळीचा आनंद! अस्सल पैठणीवर ५०% + २०% पर्यंत सूट. स्टॉक संपत आलाय, आजच या!" आई दोन बस बदलून तिथे गेली. सूट होती, पण सिंथेटिक साड्यांच्या एका रॅकवर. पैठणी न घेताच ती परत आली.

एखादा पेपर वाचताना आपण प्रत्येक वाक्याला विचारतो, "हे तपासायचं कसं?" हा मजकूरही तसाच वाचून बघू.

आधी आकडे. ५० आणि २० वाचून डोक्यात ७० येतात, पण दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते. १०,००० ची साडी आधी ५,००० ला येते, मग त्यावर २०% म्हणजे ४,००० ला. एकूण सूट ६०%. त्यात 'पर्यंत' हा शब्द आहे, म्हणजे एकाच साडीवर एवढी सूट दिली तरी वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं ठरतं.

पण मूळ किंमत १०,००० होती हे कोणी ठरवलं? इथे एक जुना प्रयोग आठवतो. ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९७४ च्या पेपरमध्ये तो दिला आहे. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चाकावर १० आलेल्यांच्या उत्तरांचा मध्यक २५ होता, ६५ आलेल्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्याने अंदाज खेचला. याला अँकरिंग म्हणतात. खोडलेली किंमत हेच काम करते. म्हणून त्याच दुकानाची महिनाभर जुनी पोस्ट शोधा. तीच साडी तेव्हा कितीला होती, ती खरी मूळ किंमत.

आता परंपरा. 'अस्सल' हा शब्द तपासता येत नाही. 'येवल्यात हातमागावर विणलेली' हे तपासता येतं. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मोर-पोपटाची नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे बहुधा लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. स्वस्त साडी विकण्यात गैर काही नाही, फक्त तिला सेमी पैठणी म्हणा.

तिसरी गोष्ट, घाई. 'स्टॉक संपत आलाय' असं खोटंच लिहिणं हा नुसता अतिउत्साह नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई निर्माण करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. गंमत म्हणजे साडीच्या दुकानाला ती रचायची गरजच नसते. फॉल-पिको, ब्लाऊज आणि दिवाळीआधी नवीन कामं घेणं थांबवणारे शिंपीकाका, एवढी खरी घाई हाताशी असते!

मग मी असं लिहून पाहिलं (आकडे उदाहरणादाखल):

"कोजागिरी ते वसुबारस. येवल्यात हातमागावर विणलेल्या १८ रेशमी पैठण्यांवर सरसकट १५% सूट. १२,००० ची १०,२०० ला. सेमी पैठणीवर ३०%. पदर उलटून बघा, आम्हीच दाखवू. लक्ष्मीपूजनाला नवा ब्लाऊज हवा असेल तर पहिल्या आठवड्यात या. नंतर साडी मिळेल, शिंपी मिळेलच असं नाही."

इथे सणाच्या तिथीच सेलच्या तारखा झाल्या, त्यामुळे परंपरेसाठी वेगळं वाक्य लागलं नाही. (खाली इंग्रजी तारखाही द्याव्यात, तिथी सगळ्यांना पाठ नसतात.) सूट कशावर आणि किती, हे घरूनच कळतं. आणि घाईचं कारण ग्राहकाच्या सोयीचं आहे.

याला मर्यादा आहेत. १२,००० हाही अँकरच. सणाआधी साडी खरंच त्या किमतीला विकली जात असेल तरच तो प्रामाणिक. शिवाय शेजारच्या दुकानावर ७०% झळकत असताना १५% फिकं दिसणार, काही गिऱ्हाईक तिकडे जाणारच. पण हा मजकूर वाचून आई गेली असती तर तिला पैठण्यांचं कपाट दिसलं असतं. पटली नसती तरी पुढच्या वर्षी ती त्याच दुकानात पुन्हा गेली असती. त्या पहिल्या दुकानाची पोस्ट आता ती उघडतसुद्धा नाही.