रुपयामागचे पैसे

विक्रीच्या कागदांमध्ये माझा सर्वात आवडता कागद म्हणजे एरियावार खर्चाचा तक्ता. महिन्याच्या विक्रीचा आलेख भिंतीवर लागतो, त्याच्यावरून बक्षिसं वाटली जातात. हा तक्ता मात्र अकाउंट्सच्या फायलीत राहतो. त्यात एकच प्रश्न असतो: या भागात एक रुपयाचा माल विकायला आपले किती पैसे गेले? प्रश्न साधा आहे, पण उत्तर नीट वाचायचं तर प्रत्येक रकान्यापाशी थांबावं लागतं.

वाचायला एक नमुना घेऊ. कोल्हापुरात मसाल्याचा एक मध्यम कारखाना आहे असं धरू. त्याचे तीन एरिया: कोल्हापूर शहर, पुणे आणि रत्नागिरीकडचं कोकण. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत, पण त्यांचा आपसातला मेळ अशा कारखान्यांत दिसतो तसाच आहे.

| एरिया | विक्री | प्रवास | कमिशन | डिलिव्हरी | एकूण खर्च | रुपयामागे |
|---|---|---|---|---|---|---|
| कोल्हापूर | १०,००,००० | १२,००० | ३०,००० | २८,००० | ७०,००० | ७ पैसे |
| पुणे | १६,००,००० | ४०,००० | ६४,००० | ८८,००० | १,९२,००० | १२ पैसे |
| कोकण | ४,००,००० | २४,००० | १२,००० | ३६,००० | ७२,००० | १८ पैसे |

माल बनवण्याचा खर्च वजा जाता रुपयामागे २२ पैसे सुटतात असं समजू. म्हणजे कोल्हापुरात १५ पैसे उरले, पुण्यात १०, कोकणात जेमतेम ४. बैठकीत हा कागद फिरला की नजर पहिल्यांदा शेवटच्या रकान्यावर जाते आणि कुणीतरी म्हणतं, "कोकण बंद करा." कागद मात्र तसं म्हणत नाही.

तक्त्याचं खरं सौंदर्य आडव्या ओळीत आहे. प्रवास, कमिशन आणि डिलिव्हरी हे तिन्ही खर्च एकाच ओळीत शेजारी शेजारी बसतात, पण त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. कमिशन विक्रीच्या बरोबर चालतं. कोकणात ते रुपयाला ३ पैसे आहे. विक्री दुप्पट झाली तरी ३ पैसेच राहील. प्रवासाला विक्रीशी देणंघेणं नाही, त्याला फेरी कळते. सेल्समनने पन्नास हजारांची ऑर्डर आणली काय आणि लाखाची आणली काय, पेट्रोल, लॉज आणि भत्ता तेवढाच. डिलिव्हरीचा खर्च पायऱ्यांनी चढतो. टेम्पोत जागा आहे तोवर वाढलेला माल जवळजवळ फुकट जातो, आणि टेम्पो भरल्यावर आणखी चार खोकी पाठवायची झाली की एकदम दुसऱ्या गाडीचं भाडं पडतं. हे तीन स्वभाव ध्यानात आले की १८ हा आकडा फोडून वाचता येतो: ६ पैसे प्रवास, ३ कमिशन, ९ डिलिव्हरी.

आता त्या ९ पैशांपाशी थांबू. गाडीभाड्याची व्हाउचरं काढली तर ३६,००० रुपये म्हणजे आठ फेऱ्या, प्रत्येकी ४,५००. टेम्पो आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरीला जातो आणि रिकामा परत येतो. चार लाखांचा माल आठ फेऱ्यांत गेला, म्हणजे एका फेरीला पन्नास हजारांचा. मसाल्याची खोकी हलकी आणि फुगीर, त्यामुळे गाडीत वजनाआधी जागा संपते. तरीही या टेम्पोत लाखाचा माल सहज बसतो. थोडक्यात, महिनाभर अर्धा टेम्पो रिकामा घाट उतरतो आहे. मग प्रवासाची व्हाउचरं शेजारी ठेवायची. तिथेही आठ दौरे, प्रत्येकी ३,०००. सेल्समन आठवड्यात दोनदा जातो, दोनदा ऑर्डर लिहितो आणि त्या ऑर्डरीमागे दोनदा गाडी सुटते. एका सवयीने दोन रकाने फुगवले आहेत. तक्त्यात हे कुठेच लिहिलेलं नाही, पण दोन्ही रकान्यांत आठाचा आकडा सापडला की ते स्पष्ट दिसतं.

दौरा आठवड्यातून एकदा केला, ऑर्डर घेण्याचा आणि गाडी सोडण्याचा वार ठरवून दिला, मधली लहानसहान मागणी फोनवर घेऊन त्याच गाडीत घातली, तर प्रवास १२,००० होतो आणि डिलिव्हरी १८,०००. कमिशन तेच. रुपयामागे ३, ३ आणि साडेचार, मिळून साडेदहा पैसे. विक्री एका रुपयानेही न वाढता कोकण पुण्याच्या खाली आलं. गंमत अशी की फेऱ्या आठच ठेवून विक्री आठ लाखांवर नेली असती तरी उत्तर साडेदहा पैसेच आलं असतं. एक रस्ता वर्षभर घाम काढणारा आहे आणि दुसरा वेळापत्रकाचा. दोन्ही रस्ते एकाच भागाकारातून दिसतात, म्हणून हे गणित मला इतकं प्रिय आहे.

अर्थात वेळापत्रकाच्या रस्त्यालाही खड्डे आहेत. आठवड्याचा माल एकदम घ्यायचा तर दुकानदाराकडे जागा हवी आणि पैसा हवा. कोकणातल्या पावसाळ्यात मसाला सर्द होण्याची भीती असते, तिथला दुकानदार जूननंतर जास्त माल भरायला तयार नसतो. पटवून घ्यायला लावला तर तो उधारीचे दिवस वाढवून मागतो. उधारी या तीन रकान्यांत नाही, पण पैसे ती खातेच: पैशाला वर्षाला बारा टक्के दर धरला तर पंचेचाळीस दिवसांची उधारी म्हणजे रुपयामागे दीड पैसा. साडेसात पैसे वाचवताना दीड पैसा गेला तर चालेल. मात्र तो गेला हे माहीत असावं.

आता पुण्याची ओळ. ही ओळ सगळ्यांना आवडते, कारण १६ लाख हा सर्वात मोठा आकडा तिच्यात आहे आणि २२ पैशांतून १२ गेले तरी १,६०,००० रुपये उरतात, कोल्हापूरपेक्षा दहा हजार जास्त. इथे खर्चाऐवजी विक्रीचा रकाना हळू वाचावा. हे १६ लाख म्हणजे नक्की काय? कापलेली बिलं, की परत आलेला माल वजा करून राहिलेली विक्री? बहुतेक तक्त्यांत बिलांचाच आकडा असतो, कारण तो तयार मिळतो आणि कमिशनही त्यावरच काढलेलं असतं. मग महिनाअखेरीला टार्गेट गाठण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल मारला जातो आणि पुढच्या महिन्यात तो "हलत नाही" म्हणून परत येतो. हे ओळखायला सोपं आहे: बिलांच्या तारखा आणि क्रेडिट नोटांच्या तारखा शेजारी लावा. बिलं शेवटच्या चार-पाच दिवसांत गर्दी करत असतील आणि क्रेडिट नोटा पुढच्या महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत, तर विक्रीचा आकडा फुगलेला आहे.

पुण्यातून १,६०,००० रुपयांचा माल परत आला असं धरू. खरी विक्री १४,४०,०००. खर्च मात्र १,९२,०००च, कारण गाडी गेली ती गेली आणि कमिशनही देऊन झालं. रुपयामागे १२ पैशांचे १३ पैशांच्या थोडे वर झाले. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण उरलेली रक्कम आता १,२४,८०० आहे. कोल्हापूर दीड लाखावर जागच्या जागी उभं आहे आणि पुणे दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यातही परत आलेला सगळा माल पुन्हा विकता येईल असं आपण उदार मनाने धरलं आहे. फुटलेली पाकिटं आणि मुदत सरत आलेला माल धरला तर आकडा आणखी खाली जातो.

मोठी विक्री आणि मोठी कमाई यांची अशी फारकत नवी नाही. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लान यांनी १९८९च्या सुमारास स्वीडनमधल्या कॅन्थल या कंपनीचा अभ्यास मांडला. ती कंपनी विजेवर तापणाऱ्या तारा बनवत होती. तिथे एरियाऐवजी गिऱ्हाईकवार खर्च काढला, तेव्हा २० टक्के गिऱ्हाइकांकडून एकूण नफ्याच्या २२५ टक्के नफा येत होता आणि शेवटच्या १० टक्क्यांनी त्यातले १२५ टक्के बुडवले होते. बुडवणाऱ्यांत विक्रीने सर्वात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी दोघे होते. आपल्या पुण्याच्या १२ पैशांतही मार्केट यार्डातला एकगठ्ठा माल उचलणारा घाऊक व्यापारी आणि उपनगरातली दोन-दोन खोकी घेणारी दुकानं एकत्र मिसळली आहेत. एरियाची सरासरी वाचताना हे विसरू नये.

आणखी एक जागा अशी आहे जिथे तक्ता लिहिणाराच त्याचा जीव काढून घेतो. गाडीभाड्याची बिलं एरियावार लावत बसायला वेळ नसतो, म्हणून एकूण भाडं विक्रीच्या प्रमाणात वाटून टाकतात. आपल्या तिन्ही एरियांचं मिळून डिलिव्हरीचं भाडं १,५२,००० आहे आणि विक्री ३० लाख. तसं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-पाच पैसे येतात. कोल्हापूरचे खरे पावणेतीन पैसे आणि कोकणचे नऊ, दोन्ही पुसले गेले. डिलिव्हरीच्या रकान्यात सगळीकडे एकच पैसे दिसले तर समजावं की तो खर्च मोजलेला नाही, वाटलेला आहे. भाडं फेरीने वाटावं. एका फेरीत दोन एरिया असतील तर खोकी आणि थांबे मोजून वाटावं. अचूकता थोडी कमी राहिली तरी चालेल, पण विक्री हे वाटणीचं माप नको, कारण ज्याने भागायचं त्यानेच आधी गुणल्यावर उत्तरात काही उरत नाही.

आणि "बंद करा" म्हणणाऱ्यांसाठी: कोकण बंद केलं तर भाड्याचा टेम्पो थांबेल, कमिशन थांबेल, दौरे थांबतील. ७२,००० वाचतील आणि ८८,००० जातील, म्हणजे आहे त्या स्थितीतही महिन्याला १६,००० रुपयांचा तोटा आपण स्वतः ओढवून घेऊ. सेल्समनचा पगार या तीन रकान्यांत नाही. तो फक्त कोकणासाठीच ठेवला असेल आणि पगार १६,०००च्या वर असेल, तर हिशेब उलटतो. तोच माणूस सांगली-मिरजही बघत असेल तर उलटत नाही. म्हणून निर्णयाआधी कुठला खर्च खरोखर थांबेल आणि कुठला दुसऱ्या एरियाच्या माथी जाईल, हे एकेक ओळ लावून बघावं लागतं.

माझ्या मते या तक्त्यावरून दोनच कामं निघतात. कोकणची गाडी आठवड्याला एक करावी आणि सप्टेंबर उलटल्यावर करावी, म्हणजे पावसाळ्याची अडचण येणार नाही. पुण्याचं कमिशन पुढच्या महिन्यापासून परत आलेला माल वजा करूनच द्यावं. एरिया बंद करावा असं या कागदात काहीही नाही.