भेटू ना बे!

मित्राने त्याच्या कथेचा खर्डा वाचायला दिला. त्यात निवेदक नाही, वर्णन नाही. एक अमरावतीचा, एक अकोल्याचा अशा दोन जुन्या दोस्तांचे भेट पुढे ढकलणारे मेसेज, बस. दोन गावांत शंभरेक किलोमीटर. याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक लेन जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनेस विक्रम झाला होता. कथेतल्या दोघांना मात्र तीन वर्षांत एक रविवार जुळत नाही.

पत्रांतून गोष्ट सांगणं मराठीला नवं नाही. वामन मल्हार जोशींची १९३४ ची ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही कादंबरी पत्रांचीच आहे. पण पत्र लिहिणारा निवांत बसून मन मोकळं करतो. भेट ढकलणारा मन झाकतो आणि तारीख बदलतो.

अशा मेसेजचे तीन भाग असतात: माफी, कारण, नवी तारीख. कोणता भाग कधी गळतो, हीच या कथेची गोष्ट. सुरुवातीला अकोल्याचा लिहितो, “माफ कर बे, सोयाबीन काढनं चालू हाये. पुढच्या रविवारी पक्कं येतो.” तिन्ही भाग जागेवर. वर्षभराने माफी आणि कारण जातं: “या रविवारी नाई, पुढच्या महिन्यात पाहू.” मग तारीखही जाते: “भेटू ना बे!” आणि एक दिवस ‘मले’चं ‘मला’ होतं: “सॉरी, मला जमणार नाही.” माफी परत आली, पण वऱ्हाडी सुटली. तिथे मला धस्स झालं. भांडण कुठेच नाही, तरी अंतर दिसतं.

सगळ्यात जवळची चुकामूक बडनेऱ्याची. मुंबई-हावडा मुख्य मार्ग अमरावती शहरातून नाही, बडनेऱ्यातून जातो. अकोल्याचा लिहितो, “उतरलो. स्टेशनवरच हाये.” दुसरा लिहितो, “मी बी स्टेशनवरच हाये. तू दिसून नाई रायला.” एक बडनेऱ्यात, एक अमरावतीत, मध्ये दहाएक किलोमीटर.

प्रसंग झकास, पण वाचक लगेच विचारेल, हे फोन का करत नाहीत? मेसेजच्या कथेला हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर चॅटमध्येच होतं: न उचललेल्या कॉलची नोंद तिथेच उमटते. तशा दोन नोंदी टाकल्या असत्या, तर कोणी चिडून फोन उचलला नाही, हेही न सांगता कळलं असतं.

दुसरी चूक शेवटाची. अमरावतीचा अचानक शाळेतला बाक, सायकल, परतवाड्याची सहल असं सगळं आठवून लिहितो. दोघांनाही ठाऊक असलेलं कोणी कोणाला असं सांगत नाही. ते वाचकासाठी लिहिलेलं आहे. तो मेसेज काढायला मी सांगितलं. त्याआधीची ओळ शेवटाला पुरेशी आहे: “उद्या ११ ले राजकमल चौकात. येऊन रायलो.” कारण नाही, माफी नाही, फक्त वेळ. आणि ‘रायलो’ परत आलेलं.

खर्डा मिटून मी माझ्या एका जुन्या दोस्ताचं चॅट उघडलं. माझ्या शेवटच्या मेसेजमध्ये माफी होती, कारणही होतं. तारीख नव्हती.