आपल्याच मोहल्ल्यातला संशोधक

मोहल्ल्यावर लिहिणारे आपले बहुतेक लेखक प्रस्तावनेत हमखास सांगतात, ‘मी याच गल्लीत वाढलो.’ हे वाक्य पुराव्यासारखे पुढे केले जाते. गल्लीत वाढल्यामुळे काय दिसले नाही, हे मात्र कोणी लिहीत नाही. आमची तक्रार तेवढीच आहे.

आपल्याच समाजाचा अभ्यास करणाऱ्या अरब स्त्रियांचे अनुभव १९८८ साली सोराया अल्तोर्की आणि कॅमिलिया फौझी अल-सोल्ह यांनी एका इंग्रजी ग्रंथात एकत्र केले. अल्तोर्की स्वतः सौदी. जेद्दाच्या बड्या घराण्यांतील स्त्रियांमध्ये त्यांनी काम केले. घरे उघडली, भाषेची अडचण नव्हती. पण दीनाविषयी साधा प्रश्न विचारला की समोरच्या बायका चकित होत. परकीला त्यांनी हौसेने समजावले असते. आपल्या मुलीला हे ठाऊक नाही, असे कसे?

त्याच ग्रंथात लीला अबू-लुघोद यांचा लेख आहे. वडील पॅलेस्टिनी, आई अमेरिकन. इजिप्तच्या अवलाद अली बेदुइनांकडे त्या प्रथम गेल्या तेव्हा वडील सोबत आले, आणि बाईंना त्याचा संकोच वाटला. पुढे उमगले की एकटी आलेली तरुण मुलगी तिथे संशयाचा विषय ठरली असती. वडिलांमुळे त्या घरच्या लेक झाल्या. म्हणून स्त्रियांची मनातली गाणी कानी पडली, आणि म्हणूनच पुरुषांच्या बैठकी दूर राहिल्या. एकाच नात्याने दार उघडले आणि बंदही केले. हे त्यांनी लपवले नाही, हे आम्हाला मोलाचे वाटते.

आमचेच सांगतो. बिरादरीबाहेरच्या निकाहांविषयी आम्ही आमच्या मोहल्ल्यात विचारत फिरलो. दिवाणखान्यात उत्तर ठरलेले : ‘इस्लाममध्ये जात कुठे आहे? बाकी तुम्हाला माहीतच आहे, भाईजान.’ आम्ही मान डोलावली. घरी येऊन टिपणे वाचली, तर जिथे तपशील हवा तिथे नेमके ‘माहीतच आहे’ होते. ती जागा आम्ही आमच्या घरच्या समजुतींनी भरून लेख छापला!

पुन्हा गेलो तेव्हा मत विचारले नाही. घरातले शेवटचे पाच निकाह विचारले : सून कुठल्या गावची, पैगाम कोणी आणला, तिच्या वडिलांचा धंदा कोणता. मग बोलणे खाली उतरले. अत्तार अत्तारांत, बागवान बागवानांत. अपवाद मोजकेच, आणि प्रत्येक अपवादामागे एक अबोला. मात्र याही पद्धतीत मोडलेले पैगाम सापडत नाहीत. ते विचारायला बावर्चीखान्यात जावे लागते, आणि तिथे आम्हा पुरुषांना प्रवेश नाही.

एका पिंजारी घरातल्या म्हाताऱ्या चाचांनी आमची वही बघत विचारले, ‘बेटा, तुमच्या घरातून आमच्याकडे आजवर कोण आलं?’

आम्ही ते टिपले नाही. दुसऱ्या लेखातही घेतले नाही. इथे प्रथमच लिहितो आहोत.